टप्प्यागणिक चेंडूचा वेग कसा काढायचा? उंचीचं गुणोत्तर स्थिर येत नाही

मंजिरी_के

नमस्कार. माझा भाचा अकरावी सायन्सला आहे. त्याने प्रकल्पासाठी 'उसळणारा चेंडू' हा विषय घेतलाय. चेंडू ठरावीक उंचीवरून सोडायचा, प्रत्येक टप्प्यानंतर तो किती उंच उडतो ते मोजायचं, त्यावरून कोएफिशियंट ऑफ रेस्टिट्यूशन म्हणजे e काढायचा आणि प्रत्येक टप्प्यानंतरचा वेग सांगायचा, असं त्याच्या सरांनी सांगितलंय.

आम्ही घरीच प्रयोग केला. चेंडू साधा टेनिसचा, थोडा वापरलेला, पण वरची लव शाबूत आहे. खाली शहाबादी फरशी. भिंतीला मेझरिंग टेप चिकटवली, टेपचा शून्य फरशीला टेकवला, समोर स्टुलावर मोबाईल ठेवून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला. चेंडू ढकलला नाही, फक्त बोटं सोडली. तीनचारदा करून जो सर्वांत सरळ उसळला त्याचे आकडे देते.

सोडला: १५० सेंमी
पहिल्या टप्प्यानंतर: ८८.५
दुसऱ्या टप्प्यानंतर: ५२
तिसऱ्या टप्प्यानंतर: ३२
चौथ्या टप्प्यानंतर: २१

प्रत्येक उंचीला आधीच्या उंचीने भागलं तर ०.५९, ०.५९, ०.६२, ०.६६ असं येतंय. पुस्तकात तर e स्थिर धरलेला आहे. मग शेवटी शेवटी हे वाढतंय का? आणि या आकड्यांवरून वेग कसा काढायचा? भाचा म्हणतो सरासरी घेऊन टाकू, पण मला ते पटत नाहीये. चार आकडे एकाच दिशेने सरकत असतील तर त्यामागे काहीतरी कारण असणार.

---

घाटवाट

ताई, सरासरी घेण्यात काही गैर नाही, पण पहिलाच आकडा सगळ्यांत भरवशाचा. मोठ्या उंचीवर मोजण्यातली चूक टक्क्यात कमी पडते. तेव्हा ०.५९ हाच e धरा.

वेग सोपा आहे. १५० सेंमीवरून पडताना जमिनीवर आदळण्याचा वेग v = √(2gh), म्हणजे √(२ × ९.८ × १.५) = ५.४२ मीटर प्रति सेकंद. त्याला दर टप्प्याला ०.५९ ने गुणत जायचं. पहिल्या टप्प्यानंतर ३.२०, दुसऱ्यानंतर १.८९, असं पुढे. झालं काम.

---

अण्णा_प्रयोगशाळा

घाटवाट, आदळण्याचा वेग तुम्ही बरोबर काढलात आणि पहिल्या आकड्याच्या भरवशाबद्दलही बरोबर आहात. पण ०.५९ हे उंचीचं गुणोत्तर आहे आणि e हे वेगाचं. तुमचं उत्तर तुमच्याच सूत्राने तपासून बघा. ३.२० वेगाने वर निघालेला चेंडू किती चढेल? h = v²/2g, म्हणजे १०.२४ भागिले १९.६, म्हणजे ०.५२ मीटर. ५२ सेंमी ही उंची मंजिरीताईंच्या यादीत आहे खरी, पण ती दुसऱ्या टप्प्यानंतरची. तुम्ही एका टप्प्यात दोन टप्प्यांचा वेग घालवलात.

कारण असं की उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उंची ५९ टक्के उरली म्हणजे ऊर्जा ५९ टक्के उरली, वेग नव्हे. वेग किती उरला ते हवं तर वर्गमूळ घ्यायचं: e = √(h₁/h₀). ०.५९ चं वर्गमूळ ०.७७. वर्षानुवर्षं प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासल्या आहेत. हे वर्गमूळ अनेकांचं राहून जातं आणि उत्तर दिसायला ठीकठाक असल्यामुळे कुणाला शंका येत नाही. म्हणून वेग काढला की त्याची उंची उलट काढून बघायची सवय पोराला लावा.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे. आकडे एकाच दिशेने सरकताहेत म्हणजे कारण असणार, हे तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे आणि सरासरी घेऊ नका. मला एकच सांगा. सोडताना १५० च्या खुणेला चेंडूचा कुठला भाग होता? आणि उसळल्यावर टेपवर वाचलंत ते चेंडूच्या कुठल्या भागापाशी?

---

टॉपस्पिन

धागा वाचून आमचाच प्रश्न आठवला, म्हणून मध्येच विचारतो. आमच्या क्लबात टेबल टेनिसचं टेबल तपासताना चेंडू ३० सेंमीवरून सोडतात आणि तो साधारण २३ सेंमी उसळायला हवा असा नियम आहे. अण्णांच्या सूत्राने √(२३/३०) म्हणजे e सुमारे ०.८८ झाला. आमचं टेबल यात बसतं.

पण त्याच टेबलावर तोच चेंडू १ मीटरवरून सोडला तर हिशेबाने ७७ सेंमी यायला हवा, तो ६५-६६ च्या वर येत नाही. पोरं म्हणतात टेबल खराब आहे. ३० ला चांगलं आणि १०० ला खराब, असं कसं?

---

मंजिरी_के

अण्णा, सोडताना चेंडूचा खालचा भाग १५० च्या रेघेवर होता. भाच्याने हाताने तसाच धरला होता. उसळल्यावर मात्र वरची कड वाचली. व्हिडिओ थांबवला की वरची कड भिंतीवर स्पष्ट दिसते, खाली सावली येते आणि नेमकं कुठे संपतं ते कळत नाही. चारही उंच्या वरच्या कडेच्या आहेत.

चेंडूचा व्यास दोन पुस्तकांत धरून मोजला, ६.५ सेंमी.

---

अण्णा_प्रयोगशाळा

तेच वाटलं होतं. चेंडू सोडताना खालचं टोक आणि उसळल्यावर वरचं टोक, म्हणजे प्रत्येक उसळीत ६.५ सेंमी फुकटचे जमा झाले. पहिल्या उसळीत ८८ सेंमीत साडेसहा म्हणजे फार नाही, पण चौथ्या उसळीत २१ मध्ये साडेसहा म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. म्हणून गुणोत्तर शेवटी शेवटी फुगत गेलं. पुढच्या वेळी ओळखायची खूण हीच: उंची कमी होत जाईल तसं गुणोत्तर भराभर वाढत असेल, तर मोजमापात एखादी कायमची भर पडत असल्याचा संशय आधी घ्यायचा. चेंडूकडे नंतर बघायचं.

प्रयोग पुन्हा करायला नको. चारही आकड्यांतून ६.५ वजा करा.

८२, ४५.५, २५.५, १४.५

आता गुणोत्तरं ०.५४७, ०.५५५, ०.५६०, ०.५६९. वर्गमूळ घेतलं की e येतो ०.७४, ०.७४५, ०.७५, ०.७५५ च्या आसपास. मघाशी तो ०.७७ वरून ०.८१ पर्यंत गेला असता.

वेग काढायला e लागतच नाही, हेही लक्षात घ्या. ज्या उंचीपर्यंत चेंडू चढला, त्या उंचीवरूनच तो टप्प्यातून कुठल्या वेगाने निघाला ते कळतं. प्रत्येक उसळीला v = √(2gh) लावा, उंची मीटरमध्ये:

आदळताना: ५.४२ मी/से
पहिल्या टप्प्यानंतर: √(१९.६ × ०.८२) = ४.०१
दुसऱ्यानंतर: २.९९
तिसऱ्यानंतर: २.२४
चौथ्यानंतर: १.६९

शेजारशेजारच्या वेगांचा भागाकार म्हणजे e. पुस्तकात e स्थिर धरून vₙ = eⁿ × v₀ असं लिहितात, म्हणजे पहिला वेग आणि e हातात असला की दहाव्या टप्प्याचाही वेग काढता येतो. पण ते भाकीत झालं. तुमच्याकडे प्रत्यक्ष उंच्या आहेत तर वेग उंचीवरून काढा आणि e स्थिर आहे की नाही ते त्यातून तपासा. उलट्या क्रमाने केलं तर e स्थिर आहे हे आधीच मान्य करून बसाल.

---

घाटवाट

वर्गमूळाचं पटलं. ३.२० वरून ५२ सेंमी आलेलं बघितल्यावर वाद घालायला जागाच नाही.

पण एक शंका. खालचं टोक कशाला? भौतिकशास्त्रात आपण नेहमी वस्तूचा केंद्रबिंदू घेतो. चेंडूचं केंद्र घेऊन दोन्ही वेळा फरशीपासून उंची मोजली तर ते जास्त शास्त्रशुद्ध नाही का?

---

अण्णा_प्रयोगशाळा

केंद्र जरूर घ्या, पण मग शून्यही केंद्राचाच घ्यायला हवा. चेंडू फरशीला टेकतो तेव्हा त्याचं केंद्र फरशीपासून ३.२५ सेंमी वर असतं. तो पडतो तेवढाच, केंद्र १५३.२५ वरून ३.२५ वर येतं, म्हणजे १५० सेंमी. फरशीपासून केंद्राची उंची धरून सरळ भागाकार केलात तर सव्वातीन सेंमीची भर वरही पडते आणि खालीही पडते. चूक अर्ध्यावर येईल, जाणार नाही. खालचं टोक घेतलं की ही भानगडच राहत नाही, कारण टेकताना ते शून्यावरच असतं. सावलीमुळे खालचं टोक दिसत नसेल तर वरची कड वाचा आणि व्यास वजा करा, पण सोडतानाही वरचीच कड वाचा आणि तिथेही वजा करा.

---

रानवारा

आमच्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात तिथे पाऊस पडून गेला की चेंडू बसतो, उसळतच नाही, आणि वेगही वाढल्यासारखा वाटतो. e कमी झाला तर वेग कमी व्हायला हवा ना? फलंदाजाला तर चेंडू लवकर येतोय असं वाटतं. हे कसं काय?

---

विद्युल्लता

रानवारा, तुमचा चेंडू तिरका येतो आणि इथे चाललंय ते सरळ खाली पडणाऱ्या चेंडूचं. e हा फक्त उभ्या दिशेच्या वेगाचा हिशेब सांगतो. ओल्या मऊ जमिनीवर तो कमी होतो म्हणून चेंडू बसतो. पुढच्या दिशेचा वेग घर्षणावर आणि फिरकीवर ठरतो. वर ओलसर आणि निसरडं झालं असेल तर घर्षण कमी, म्हणून पुढचा वेग कमी गमावला जातो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे मी नक्की लिहीन.

मंजिरीताई, तुमच्या प्रयोगासाठी उंची मोजण्यापेक्षा चांगली एक पद्धत आहे. उंची बघायची नाही, टप्पे ऐकायचे. चेंडू टप्प्यातून v वेगाने वर निघाला की वर जाऊन परत खाली यायला त्याला 2v/g एवढा वेळ लागतो. म्हणजे दोन 'टप' आवाजांमधला वेळ t मोजला की झालं:

v = g × t / 2

g ९.८ धरला तर वेग म्हणजे ४.९ गुणिले t. वर्गमूळ नाही, टेप नाही, सावली नाही, वरची कड की खालची हा प्रश्नच नाही. आणि e म्हणजे लागोपाठच्या दोन वेळांचा थेट भागाकार.

मोबाईलवर phyphox नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी केलेलं. त्यात याचसाठी तयार प्रयोग आहे. तो टप्प्यांचे आवाज ऐकून मधले वेळ आपोआप देतो. नाहीतर साधं रेकॉर्डिंग करून संगणकावर Audacity मध्ये उघडा. प्रत्येक टप्पा उभ्या काट्यासारखा दिसतो, दोन काट्यांच्या सुरुवातीमधलं अंतर मिलिसेकंदात वाचता येतं. पंखा बंद करा आणि मोबाईल फरशीवर ठेवू नका, उशीवर ठेवा, नाहीतर फरशीचा हादरा थेट माइकपर्यंत येतो आणि काट्याची सुरुवात नीट दिसत नाही. काट्याची सुरुवात घ्यायची, सर्वांत उंच टोक नाही. आवाज लहान होत जातो तसं उंच टोक थोडं पुढेमागे सरकतं.

एक मर्यादा मात्र आहे. चेंडू हातातून सुटतो तेव्हा आवाज होत नाही, त्यामुळे पहिल्या पडण्याचा वेळ मिळत नाही. आदळण्याचा पहिला वेग टेपवरूनच घ्यावा लागेल.

---

मंजिरी_के

विद्युल्लता, अनेक आभार! काल रात्री रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर केलं. चेंडू तोच, जागा तीच, खालचं टोक १५० वर. Audacity मधून काढलेले वेळ, सेकंदात:

पहिला ते दुसरा टप्पा: ०.८१६
दुसरा ते तिसरा: ०.६०९
तिसरा ते चौथा: ०.४५८
चौथा ते पाचवा: ०.३४७
पाचवा ते सहावा: ०.२६४

४.९ ने गुणून वेग आले ४.००, २.९८, २.२४, १.७०, १.२९. अण्णांनी व्यास वजा करून काढलेल्या वेगांशी जवळजवळ तंतोतंत जुळले! भाचा खूष आहे. या वेगांवरून उंच्या काढल्या तर ८१.६, ४५.४, २५.७, १४.७ आल्या, म्हणजे ६.५ वजा करणं बरोबरच होतं.

पण e बघा: ०.७३८ (५.४२ वरून), मग ०.७४६, ०.७५२, ०.७५८, ०.७६१. अजूनही वाढतोयच. आधीपेक्षा फार कमी, पण दिशा तीच. आता तर कुठली कड हा प्रश्नही नाही. मग हे काय आहे?

---

घाटवाट

हे तर सरळ आहे. जोरात आदळला की चेंडू जास्त चेपतो, रबर जास्त तापतं, ऊर्जा जास्त जाते. हळू आदळला की कमी जाते. म्हणून e वेगाबरोबर बदलतो. पुस्तकात सोपं करण्यासाठी स्थिर धरलाय.

---

अण्णा_प्रयोगशाळा

घाटवाट म्हणतात ते तत्त्वतः खरं आहे. वेग वाढला की बहुतेक चेंडूंचा e घटतो. पण या पाच आकड्यांमधली वाढ त्याच कारणाने आहे, असं म्हणण्याआधी हवेचा हिशेब करायला हवा. तो कुणी केलेला नाही.

आपण ५.४२ काढला तो हवा नाहीच असं धरून. टेनिसचा चेंडू सुमारे ५७ ग्रॅमचा, वर लव असलेला. असा चेंडू खूप उंचावरून पडत राहिला तर सेकंदाला २२ मीटरच्या आसपास त्याचा वेग वाढायचा थांबतो, कारण हवेचा विरोध वजनाइतका होतो. ५.४२ हा त्याचा साधारण चौथा हिस्सा. विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून जमिनीजवळ येताना तो वजनाच्या सहा टक्के होतो. वरून खाली येईपर्यंतची सरासरी धरली तर ऊर्जेत तीन टक्के तूट, वेगात दीड टक्का. म्हणजे चेंडू ५.४२ ने नव्हे, ५.३४ ने आदळला असणार. पुढच्या उसळ्यांत वेग कमी, म्हणून ही तूटही झपाट्याने कमी होते. दुसऱ्या टप्प्यापाशी ती एक टक्क्याच्याही खाली जाते, चौथ्यापाशी विसरून जावी इतकी.

हवेने घालवलेला वेग आपण टप्प्याच्या नावावर लिहिला. तो पहिल्या टप्प्यात सर्वांत जास्त होता, म्हणून पहिला e सर्वांत कमी दिसला. ही दुरुस्ती केली की पहिला e ०.७५ च्या पुढे सरकतो आणि दुसऱ्याला गाठतो.

आणखी एक पडताळा घरबसल्या घेता येईल. पहिल्या टप्प्यात उरलेला ऊर्जेचा वाटा दुसऱ्या टप्प्याइतकाच होता असं धरून सुरुवातीची उंची उलट काढा: ८१.६ चा वर्ग भागिले ४५.४. उत्तर १४६.७ सेंमी. टेप म्हणते १५०. मधले तीन सेंमी कुठे गेले याचं बरंचसं उत्तर हवेत आहे.

---

विद्युल्लता

यात अजून एक बारीक गोष्ट मिसळलेली आहे, आणि ती माझ्याच पद्धतीतली. दोन काट्यांच्या सुरुवातींमधला वेळ म्हणजे फक्त हवेतला वेळ नाही. चेंडू फरशीला टेकल्यावर चेपतो, परत फुगतो आणि मग सुटतो. टेनिसच्या चेंडूला यासाठी सुमारे ५ मिलिसेकंद लागतात. ते प्रत्येक वेळात धरले गेलेत.

०.८१६ मध्ये ०.००५ म्हणजे काहीच नाही, पण ०.२६४ मध्ये ते जवळपास दोन टक्के. ही पुन्हा कायमची भरच आहे, अण्णांच्या साडेसहा सेंमीसारखी, फक्त खूप लहान. प्रत्येक वेळातून ०.००५ वजा करून भागाकार केले तर ०.७४५, ०.७५०, ०.७५५, ०.७५७ येतात. म्हणजे या बाजूनेही चढ थोडा सपाट होतो.

हवेची दुरुस्ती पहिल्या आकड्याला वर उचलते, टेकण्याच्या वेळाची दुरुस्ती शेवटच्या आकड्यांना खाली आणते. दोन्ही मिळून जे उरतं ते ०.७५ ते ०.७६ च्या पट्टीत बसेल असा माझा अंदाज आहे. या प्रयोगात e स्थिर आहे असं म्हणायला हरकत नाही.

---

अण्णा_प्रयोगशाळा

विद्युल्लता, टेकण्याच्या वेळाचा मुद्दा फार महत्त्वाचा आणला. शेवटच्या वाक्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. स्थिर आहे असं सिद्ध झालेलं नाही, बदलतो असं सिद्ध होत नाही इतकंच. ५ मिलिसेकंद हा आकडाही सगळ्या टप्प्यांना सारखाच लागू होईल असं नाही, हळू टप्प्यात तो थोडा वाढू शकतो. पाच मिलिसेकंदांच्या दुरुस्तीत एक मिलिसेकंद इकडेतिकडे झाला तरी शेवटचे आकडे हलतात.

घाटवाट यांचं म्हणणं तपासायचं असेल तर वेगाची पट्टी रुंद करायला हवी. टेनिसच्या आंतरराष्ट्रीय नियमांत चेंडू २५४ सेंमीवरून काँक्रीटवर सोडतात आणि नेहमीच्या प्रकारचा चेंडू १३५ ते १४७ सेंमी उसळायला हवा. म्हणजे e ०.७३ ते ०.७६. तुमचा चेंडू या पट्टीच्या आतच आहे, म्हणजे अजून बऱ्या अवस्थेत आहे. जिन्याच्या कठड्यावरून वगैरे अडीच मीटर, जमलं तर चार मीटरवरून सोडून फक्त पहिले दोन वेळ घ्या. पण हवेचा हिशेब तिथे दुप्पटतिप्पट होईल, तो केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

हा गुणांक मोजायची खटपट जुनी आहे. न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात लोलकाला टांगलेले गोळे एकमेकांवर आपटून हेच मोजलं. घट्ट वळलेल्या लोकरीच्या गोळ्यांना सुमारे ५/९ आणि काचेच्या गोळ्यांना सुमारे १५/१६ असं त्याला आढळलं. आणि हवेमुळे लोलकाचा वेग किती घटतो ते त्याने आधी वेगळं मोजून वजा केलं होतं. प्रकल्पाच्या वहीत हे एक वाक्य घाला.

---

टॉपस्पिन

अण्णा, माझा प्रश्न तसाच राहिला, पण हवेचं वाचून उत्तर दिसायला लागलंय. टेबल टेनिसचा चेंडू २.७ ग्रॅमचा आणि ४० मिमीचा. त्याला हवा जास्त लागत असणार?

---

अण्णा_प्रयोगशाळा

हो, आणि तुमच्या चेंडूत ती दुरुस्ती राहत नाही, मुख्य गोष्टच होते. या चेंडूचा वेग सेकंदाला साधारण ८.५ मीटरवरच वाढायचा थांबतो. १ मीटरवरून हवा नसती तर तो ४.४३ ने आदळला असता, प्रत्यक्षात ४.१५ च्या आसपास आदळतो. वर चढतानाही हवा पुन्हा वाटा घेते. ३० सेंमीला ही तूट लहान असते म्हणून नियमात उंची कमी ठेवली की सोय होते.

तुमचे ३० आणि २३ घेऊन हवेसकट हिशेब केला तर टप्प्याचा खरा e ०.८८ नाही, ०.९० ते ०.९१ येतो. आणि तोच e धरून १ मीटरवरचा हिशेब केला तर उसळी ६६ सेंमीच्या आसपास येते. तुम्हाला ६५-६६ मिळताहेत. टेबलाला दोष देऊ नका.

---

टॉपस्पिन

पोरांना हा धागा दाखवतो. ६६ हिशेबाने येतंय हे बघून बरं वाटलं, नवीन टेबलाचं कोटेशन आधीच मागवलं होतं.

---

मंजिरी_के

भाच्याने आता एक नवीनच प्रश्न काढलाय. दर टप्प्याला वेळ पाऊण पट होत असेल तर टप्पे कधी संपणारच नाहीत, मग चेंडू थांबतो कसा? रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या टप्प्यापासून सव्वातीन सेकंदांपर्यंत काटे दिसतात, पुढे नुसती खरखर.

---

विद्युल्लता

टप्पे अगणित असले तरी वेळांची बेरीज अगणित होत नाही. पहिला वेळ ०.८१६, दर वेळी साधारण ०.७५ पट. बेरीज ०.८१६ भागिले (१ − ०.७५), म्हणजे ३.२६ सेकंद. तुमचे सव्वातीन त्याच्या अगदी जवळ आहेत.

प्रत्यक्षात टप्पे अगणित होतही नाहीत. दोन टप्प्यांमधला वेळ कमी होत होत टेकण्याच्या ५ मिलिसेकंदांच्या पातळीला आला की चेंडू फरशी सोडतच नाही, जागच्या जागी थरथरून थांबतो. तिथे e हा शब्दच लागू होत नाही. त्याला ती खरखर मोठी करून बघायला सांगा. Audacity मध्ये ३.० ते ३.३ सेकंदांचा भाग ताणला तर अजून काही टप्पे वेगळे काढता येतील. कुठपर्यंत वेगळे दिसतात ते इथे लिहा, मलाही बघायचंय.

---

घाटवाट

आणि जिन्यावरून अडीच मीटरचंही करा ताई. e वेगाबरोबर घटतो यावर मी अजून ठाम आहे. हवा वजा करूनही ०.७४ च्या खाली आला तर अण्णांना इथेच सांगेन.

---

अण्णा_प्रयोगशाळा

जरूर सांगा. पण तोच चेंडू, तीच फरशी, आणि एका दिवसात दोन्ही उंच्या घ्या. टेनिसच्या चेंडूतली हवा उन्हाने गरम झाली तरी उसळी बदलते. जिना सिमेंटचा आणि घरात शहाबादी असेल तर आधी दोन्हीकडे १५० वरून सोडून तुलना करा.